थप्पी नंबर नऊ

आशालताबाईंनी फोनवर तीनदा माफी मागितली. त्यांचे पती बंडोपंत फेब्रुवारीत गेले. ऑफिसची जागा भाड्याची होती आणि मालकाला ती महिनाअखेर हवी होती. मुलगा परदेशातून आठ दिवसांसाठी आला होता. त्याने कपाटं विकली, संगणक कुणाला तरी दिला आणि कागद रद्दीवाल्याला घातले. रद्दीवाल्याने टेम्पोच्या दोन फेऱ्या केल्या, असं त्या म्हणाल्या. "त्यात कामाचं काही असेल हे मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं ते रोज तेच कागद घेऊन बसायचे."

उत्कर्षाने त्यांची समजूत घातली. जुन्या ऑडिटरने आपले कागद नव्या ऑडिटरला दाखवलेच पाहिजेत असा काही नियम नाही. विचारता येतं, आणि त्यांनी दाखवले तर काम सोपं होतं, इतकंच. फोन ठेवल्यावर तिने वहीत तारीख घातली आणि लिहिलं: आधीच्या ऑडिटरची कार्यपत्रे उपलब्ध नाहीत; कारण, निधन, पत्नीशी बोलणे झाले.

ती नांद्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात बसली होती. कंपनी म्हणजे एक गोदाम, त्याला लागून भाताची गिरणी आणि समोर पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्या. नांदे, माण आणि महाळुंग्याचे मिळून दोनशे चौदा सभासद होते. ज्यांच्याकडे शेत उरलं होतं ते आंबेमोहोर पिकवत. कंपनी त्यांच्याकडून भात विकत घेई, गिरणीत भरडी आणि तांदूळ पुण्यातल्या दुकानांना विके. बंडोपंतांनी कंपनीचं ऑडिट पहिल्या वर्षापासून केलं होतं. ते गेल्यावर संचालक मंडळाने महिन्याच्या आत उत्कर्षाची नेमणूक केली. तिने मार्चच्या शेवटच्या दिवशी गोदामात उभं राहून भाताची पोती स्वतः मोजून घेतली होती. आता मे संपत आला होता.

नव्या ऑडिटरला पहिल्या वर्षी एक अडचण असते. वर्षाचा नफा काढायचा तर वर्षाच्या सुरुवातीला काय होतं ते माहीत हवं, आणि सुरुवातीला तो तिथे नसतो. एक एप्रिलचा आकडा म्हणजे आदल्या दिवसाचा, एकतीस मार्चचाच आकडा, आणि तो दुसऱ्याने तपासलेला. बंडोपंतांच्या सहीचा ताळेबंद उत्कर्षाकडे होता. त्यातले आकडे या वर्षाच्या वह्यांत जसेच्या तसे उतरले आहेत हे तिने पहिल्याच दिवशी पाहिलं. ते उतरले होते. पण बरोबर उतरलेला आकडा बरोबर असेलच असं नाही.

बाकीच्या गोष्टी तशा सोप्या गेल्या. दुकानदारांकडून येणं होतं ते त्यांनी गेल्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत दिलं होतं. बँकेच्या पासबुकात जमा दिसत होती, म्हणजे येणं खरं होतं. गिरणीचं यंत्र समोर चालू होतं आणि त्याचं बिल फायलीत होतं. बँकेने शिल्लक लेखी कळवली. राहिला होता तो भाताचा साठा. गेल्या वर्षीचं भात केव्हाच भरडून, विकून, लोकांच्या पोटात गेलं होतं. मागे जाऊन पोती मोजता येत नाहीत.

त्यावर एक उपाय असतो. आज किती आहे ते मोजायचं, वर्षभरात गेलं ते त्यात मिळवायचं आणि आलं ते वजा करायचं. म्हणजे सुरुवातीला किती होतं ते निघतं. उत्कर्षाने तेच केलं. यंदा एकतीस मार्चला तिने मोजलेलं भात सातशे बारा क्विंटल. वर्षभरात गिरणीत कंपनीचं भरडलं गेलं ते सतराशे वीस. सभासदांकडून घेतलेलं एकोणीसशे दहा. म्हणजे गेल्या एक एप्रिलला पाचशे बावीस क्विंटल असायला हवं होतं. ताळेबंदात होतं सहाशे चाळीस.

एकशे अठरा क्विंटलचा फरक पाहून ती घाबरली नाही. तिने सीए व्हायच्या आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केली होती, आणि भात वाळतं हे तिला ठाऊक होतं. खरेदीच्या प्रत्येक पावतीवर ओलाव्याचा आकडा होता. सरासरी काढली तर सतरा टक्के आली. मार्चमध्ये तिने स्वतः मीटर लावून पाहिलं तेव्हा पोत्यांत चौदा टक्के ओलावा होता. शंभर किलो ओल्या भातात त्र्याऐंशी किलो कोरडा भाग. तोच कोरडा भाग चौदा टक्के ओलाव्यावर साडेशहाण्णव किलो भरतो. एकोणीसशे दहा क्विंटलवर ही घट साडेसहासष्ट क्विंटलांच्या आसपास जाते. म्हणजे एकशे अठरातले साडेसहासष्ट हवेत गेले होते. त्यांचा दोष कुणाकडेच नव्हता.

उरले एक्कावन्न क्विंटल. पन्नास किलोची एकशे तीन पोती. हा फरक कशानेच सुटत नव्हता.

या फरकाचे दोन अर्थ निघू शकत होते. एक तर गेल्या वर्षी मोजणीत पोती जास्त धरली गेली होती, किंवा मोजणी बरोबर होती आणि यंदा वर्षभरात शंभरएक पोती गोदामातून गेली होती. गणित दोन्हींना सारखंच उत्तर देत होतं.

शंभूतात्या कंपनीचे अध्यक्ष. माणमधलं जुनं शेतकरी घर त्यांचं. अर्धी जमीन आयटी पार्कच्या पहिल्याच टप्प्यात गेली, उरलेल्या जागेवर तीन मजले खोल्या बांधून भाड्याने दिलेल्या. दुपारी ते आले आणि काम कुठवर आलं म्हणून विचारलं, तेव्हा उत्कर्षाने फरक सांगितला. दोन्ही अर्थ सांगितले. पण तात्यांनी एकच ऐकला, आणि तिने 'शॉर्टेज' हा शब्द वापरला होता ही चूक तिची होती.

"शंभर पोती," तात्या म्हणाले. "एक माणूस येका रात्रीत नेत न्हाई. पन वर्षभर येक येक नेलं तर कळनार बी न्हाई."

रोहित, कंपनीचा हिशेबनीस, टेबलाच्या पलीकडे बसला होता. तो मान खाली घालून संगणकाकडे बघत राहिला.

तात्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असे: म्हसूकडे. म्हसू धनगराच्या घरातला, डोंगराकडच्या वस्तीवरचा. त्याचा भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरायचा. म्हसूने नऊ वर्षांपूर्वी मेंढरं भावाला दिली आणि इथे गोदामाच्या कामाला लागला. दोनशे चौदा सभासदांत त्याच्या घरातलं कुणीही नव्हतं.

उत्कर्षाने सांगून पाहिलं की अजून काही सिद्ध झालेलं नाही, गेल्या वर्षीची मोजणीच चुकलेली असू शकते. तात्या म्हणाले, मोजणी बंडोपंतांनी पास केलेली आहे, ते चाळीस वर्षं हेच करत होते. बंडोपंत त्या मोजणीला स्वतः हजर होते की नाही, त्यांनी काही पोती पुन्हा मोजून पाहिली होती की नाही, हे सांगणारा कागद आता कुठेच नव्हता.

संध्याकाळी म्हसूला बोलावलं. शंभर पोती कमी आहेत, असं तात्यांनी सरळ सांगितलं. म्हसूने पूर्ण ऐकून घेतलं, मग कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"म्या एक दाना न्हेला न्हाई," तो म्हणाला. "पन तुमाला तसं वाटलंच हाय, तर मी हितं थांबून काय करू?"

"शुक्रवारी मीटिंग हाय," तात्या म्हणाले. "तवर घरी ऱ्हा. तितं ठरंल."

म्हसू निघून गेला. रस्त्यापर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. उत्कर्षाला तेव्हा वाटलं की त्याला कुणीच काही विचारलं नाही. त्याला फक्त सांगितलं गेलं. सोमवार होता. तिच्याकडे चार दिवस होते.

घरी जाऊन तिने अहवालात काय लिहावं लागेल याचा विचार केला. आरंभीच्या साठ्याचा पुरावा मिळालाच नाही तर साफ अहवाल देता येणार नाही. वर्षाअखेरचा ताळेबंद तिला मान्य होता, कारण ती पोती तिने स्वतः मोजली होती. पण वर्षाचा नफा सुरुवातीच्या आकड्यावर अवलंबून असतो, आणि त्याबद्दल तिला लिहावं लागलं असतं की हा नफा बरोबर आहे असं मी म्हणू शकत नाही. तो अहवाल नियमात बसला असता. तिची सही सुरक्षित राहिली असती. पण गावात त्या वाक्याचा अर्थ एकच झाला असता. "सांगू शकत नाही" आणि "म्हसूने नेली" यांतला फरक नांद्यात कुणी धरला नसता.

मंगळवारी तिने रोहितला गेल्या वर्षीचा मोजणीचा कागद मागितला. ऑडिटरचे कागद गेले तरी कंपनीचे स्वतःचे कागद होते. रोहितने फाईल काढली. एकच पान होतं, रोहितच्याच अक्षरातलं. थप्प्यांचे नंबर एक ते नऊ. पहिल्या आठ थप्प्यांत प्रत्येकी एकशे सत्तेचाळीस पोती, नवव्या थप्पीत एकशे चार. एकूण बाराशे ऐंशी. खाली तात्यांची सही, शेजारी बंडोपंतांचा शिक्का.

मोजणी कुणी केली हे तिने विचारलं. रोहित म्हणाला, त्याने आणि गिरणीवरच्या एका माणसाने. म्हसूमामा त्या दिवशी नव्हते, त्यांच्या भावाची मेंढरं कुठेतरी आजारी पडली म्हणून ते दोन दिवस गेले होते. दाराकडून सुरुवात करून शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो, आत होतं ते सगळं मोजलं. हे सांगताना तो थोडा घाईत बोलला. एकशे चाराची थप्पी अर्धवट वाटत होती का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, एक थप्पी नेहमीच अर्धवट असते, भरडायला काढलेली. ते खरं होतं. यंदाच्या मोजणीतही शेवटची थप्पी एकशे एकची होती.

म्हणजे कागदावरून काही निघत नव्हतं. उत्कर्षाने तो बाजूला ठेवला आणि दुसरं काम काढलं: गिरणीचं उत्पन्न. कंपनी स्वतःचं भात भरडायची तसं लोकांचंही भरडून द्यायची. पोत्यामागे शंभर रुपये भरडाई आणि दहा रुपये वजनाचे. खिडकीवर बसणारी वैष्णवी पावत्या फाडायची. तपासायला फारसं काही नव्हतं. पावत्यांची बेरीज करायची आणि बँकेत जमा झालेल्या रकमेशी ताडून पाहायची.

तिसऱ्या पुस्तकात ती थांबली. काही पावत्यांवर वजनाचे दहा रुपये नव्हते. फक्त भरडाई. दोन पोती, दोनशे रुपये. एक पोतं, शंभर रुपये. तिने पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून चाळली. वर्षभरात अशा पावत्या बऱ्याच होत्या आणि त्यांवर तीच तीच अकरा नावं फिरत होती. सगळी माणची.

तिने वैष्णवीला बोलावलं. रक्कम चुकली का, की कुणाला सूट दिली? वैष्णवीने पावती पाहिली. "नाही मॅडम, यांचं वजन होत नाही. म्हसूमामा आतून सांगतात, वजन नको लावू म्हणून. मी नाही लावत."

"का नाही लावायचं?"

वैष्णवीला माहीत नव्हतं. तिला कामाला लागल्यापासून असंच सांगितलं होतं.

म्हसूला फोन करून विचारणं सगळ्यात सोपं होतं. उत्कर्षाने फोन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हसूचं उत्तर खरं असलं तरी आरोप त्याच्यावरच होता. त्याच्या तोंडून आलेला पुरावा तात्या मानणार नव्हते, आणि तिच्या कामाच्या दृष्टीनेही तो सगळ्यात हलका पुरावा होता. ते बाहेरून कळायला हवं होतं.

ते बुधवारी सकाळी गिरणीच्या पायरीवर कळलं. गोजराबाई माणहून भाच्याच्या रिक्षातून आल्या होत्या. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, हातात रिकामी पिशवी. गोदामाला कुलूप पाहून त्या वैष्णवीवर रागावल्या. त्यांचं नाव त्या अकरांत आहे हे उत्कर्षाने ओळखलं आणि बाहेर येऊन त्यांना बसायला खुर्ची दिली. भरडायला काय आणलंय, असं विचारलं.

"आनायचं काय? माजं भात हितंच हाय की, म्हसूकडं."

"इथे म्हणजे, गोदामात?"

"मग कुटं? घरात जागा हाय का?" गोजराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की हे तिला सांगावं लागतं याचंच त्यांना नवल वाटत होतं. "कनगी होती त्या खोलीत आता चार पोरं ऱ्हात्यात, कंपूटरवाली. दर खोलीला भाडं येतंय, त्यात भात ठेवून काय करू? पोरगा म्हनला, आई, कनगी काढ. काढली. मग भात म्हसूकडं आनून टाकलं. लागंल तसं दोन पोती भरडून न्हेतो. आमी सगळेच तसं करतो."

"सगळे म्हणजे?"

त्यांनी बोटांवर नावं मोजली. अकरा झाली. माणमध्ये ज्यांच्या घरी वर्षाचं भात साठवायची जागा भाडेकरूंना गेली, ती ही घरं. दिवाळीनंतर नवं भात आलं की ते पोत्यांत भरून इथे आणून ठेवायचं आणि वर्षभर थोडं थोडं न्यायचं. ही पद्धत चार वर्षांची होती. कंपनीने ती कधी ठरवली नव्हती, कुठे लिहिलीही नव्हती. गोदामात एकदा वजन होऊनच पोती येतात, म्हणून काढताना म्हसू पुन्हा वजनाचे पैसे घेऊ देत नव्हता.

उत्कर्षाने जपून पुढचा प्रश्न विचारला. मार्चमध्ये आपण मोजलं तेव्हा ही पोती गोदामात दिसली नव्हती, असं ती म्हणाली.

"दिसतील कशी? संक्रांतीच्या टायमाला गोदामात किड्यांच्या गोळ्या टाकायच्या होत्या. आमी बायका म्हनलो, आमच्या खान्याच्या भाताला त्या गोळ्या नकोत. मग म्हसूनं आमची सगळी पोती गोदामामागल्या जुन्या खोलीत न्हेऊन ठेवली. एकटा वाहत होता बिचारा. त्याच्या आदी हितंच असायची, मागल्या भिंतीला, आडवी लावलेली."

"गेल्या वर्षी मार्चमध्येही?"

"तवा हितंच."

मागच्या भिंतीला. रोहित दाराकडून मोजत गेला होता आणि मागच्या भिंतीला पोचल्यावर त्याने शेवटची थप्पी मोजली होती. ज्या माणसाने सांगितलं असतं की ही आपली नाहीत, तो त्या दिवशी आजारी मेंढरांपाशी होता. आणि यंदा ती पोती गोदामात नव्हती, त्यामुळे तिच्या स्वतःच्या मोजणीत ती आलीच नव्हती. म्हसूच्या दृष्टीने ती कंपनीची नव्हतीच, मग ऑडिटवाल्या बाईंना त्यांच्याबद्दल काय सांगायचं?

तिला आनंद झाला, पण तिने तो लांबवला. हे पटण्यासारखं होतं, सिद्ध झालेलं नव्हतं. तिने दुपारभर बसून त्या अकरा घरांच्या वजन नसलेल्या पावत्या तारखेनुसार लावल्या. गेल्या एक एप्रिलपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे नवं भात येण्याआधी, त्यांनी जेवढी पोती इथून काढून भरडली तेवढी एकतीस मार्चला गोदामात असायलाच हवी होती. दुसरीकडून आली असती तर वजन झालं असतं. बेरीज आली एकशे एक.

नवव्या थप्पीत होती एकशे चार. तीन कमी.

तीन पोत्यांनी काही बिघडत नव्हतं, असं दुसरा कुणी म्हणाला असता. उत्कर्षाला ती तीन टोचत राहिली. जो आकडा जवळपास जुळतो तो कधीकधी योगायोगाने जुळतो.

गुरुवारी ती माणला गेली, एकटीच. रोहितला नेलं नाही, वैष्णवीलाही नाही, आणि आपण किती पोत्यांच्या शोधात आहोत हे कुणाला सांगितलं नाही. अकरा घरं एकमेकांपासून फार लांब नव्हती. प्रत्येक घरी तिने एकच प्रश्न विचारला: गेल्या वर्षी होळीनंतर तुमची किती पोती नांद्याला होती, आणि त्यांचं काय केलंत? नऊ घरांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या; कुठे तारेत ओवलेल्या, कुठे रेशनकार्डाच्या पिशवीत. त्या तिच्याकडच्या स्थळप्रतींशी जुळल्या. दोघींनी पावत्या टाकून दिल्या होत्या पण आकडे तोंडपाठ सांगितले आणि तेही जुळले. एका घरी सुनेने तिला चहा दिला आणि विचारलं की सरकार आता भातावरही कर लावणार आहे का. उत्कर्षाने नाही म्हटलं. सुनेचा विश्वास बसला नाही.

शेवटचं घर गोजराबाईंचं. त्यांच्या नावावर बारा पोती भरडल्याच्या पावत्या होत्या. त्या म्हणाल्या, होती पंधरा.

"मग तीन कुठे गेली?"

"बियान्याला. भावाचं शेत हाय नांद्यात, त्यानं मागितली पेरायला. जेष्ठात म्हसूनं काढून दिली. भरडली न्हाई तर पावती कशाला फाडतील?"

उत्कर्षा त्या अंगणात उभी होती. वरच्या मजल्याच्या कठड्यावर भाडेकरूंचे शर्ट वाळत होते. तिने वहीत पंधरा लिहिलं. तिने भावाचं नाव आणि फोन नंबर घेतला, तिथूनच त्यांना फोन लावला, आणि त्यांनी विचारायच्या आधीच तीन म्हणून सांगितलं. एकशे एक आणि तीन. गोजराबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी तिला आत बोलावून गूळ दिला, कारण बाई उन्हातून आली होती.

परत येताना तिने सगळं पुन्हा मांडलं. एकशे चार पोती म्हणजे बावन्न क्विंटल. ती वजा केली तर गेल्या एक एप्रिलचा कंपनीचा साठा पाचशे अठ्ठ्याऐंशी क्विंटल. वाळण्याची घट धरून, मागे मोजत जाऊन तिने काढलेला होता पाचशे अठ्ठ्याऐंशी आणि वर साठ किलो. एवढा फरक ओलाव्याच्या सरासरीत पडतोच. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले दोन आकडे एकाच ठिकाणी येऊन थांबले होते. यंदा काहीच गेलेलं नव्हतं. गेल्या वर्षी दुसऱ्याचं आपल्यात धरलं गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी संचालकांची बैठक होती. सात माणसं, पत्र्याच्या खोलीत पंखा फिरत होता. उत्कर्षाने कागद ठेवले आणि क्रमाने सांगितलं. मोजणीचं पान, पावत्या, अकरा घरांचे जबाब, भावाचा फोन. तिने कुणाचंही नाव दोषी म्हणून घेतलं नाही. रोहितने मात्र मध्येच सांगितलं की मोजणी त्याने केली होती आणि कुणाचं काय हे त्याने विचारलं नव्हतं. तो हे बोलल्याने तिचं काम हलकं झालं.

तात्या कागदावरची नावं एकेक करून वाचत गेले. माणच्या अकरा नावांत चौथं नाव त्यांच्या धाकट्या भावजयीचं होतं. सहा पोती.

"ही आमच्या घरातली पोती," ते शेवटी म्हणाले. "आमीच आनून ठेवली, आमीच मोजली, आनि आमीच त्याला चोर म्हनलो."

एका संचालकाने विचारलं, म्हणजे आता गेल्या वर्षीचा ताळेबंद पुन्हा करायचा का? उत्कर्षाने सांगितलं की तो उघडायची गरज नाही. गेल्या वर्षी साठा बावन्न क्विंटलने जास्त दाखवला गेला, म्हणून त्या वर्षीचा नफा सुमारे दोन लाख चौतीस हजारांनी जास्त दिसला. ती रक्कम यंदाच्या नफा-तोटा पत्रकात वेगळ्या ओळीत, मागील वर्षाची चूक म्हणून दाखवायची आणि खाली टीप लिहायची. यंदाचा नफा त्यामुळे स्वच्छ राहील. गेल्या वर्षीचं ऑडिट दुसऱ्या ऑडिटरने केलं होतं एवढं ती अहवालात नोंदवेल. शेरा मात्र कुठलाच राहणार नाही.

"साफ रिपोर्ट?" तात्यांनी विचारलं.

"साफ."

तात्यांनी म्हसूला बोलवायला माणूस पाठवला. तो लगेच आला नाही. भावाची शेरडं रानात होती, ती वस्तीवर आणून बांधल्याशिवाय निघता येत नाही, असा निरोप आला. सात संचालक आणि उत्कर्षा दीड तास बसून राहिले. कुणी उठून गेलं नाही, आणि कुणी तशी तक्रारही केली नाही. एरवी अर्ध्या तासाच्या बैठकीला माणसं घड्याळ दाखवायची.

म्हसू आला तो दारातच उभा राहिला. तात्या खुर्चीवरून उठले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती, हे दिसत होतं.

"म्हसू, आमचं चुकलं. पोती माणची होती. तू काय न्हेलं न्हाईस."

"मला म्हाईतच होतं की," म्हसू म्हणाला.

एक संचालक हसला, आणि मग म्हसूही थोडा हसला, आणि खोलीतली हवा बदलली. तात्यांनी किल्ली पुढे केली. म्हसूने ती घेतली नाही.

"येक हाय," तो म्हणाला. "माणची पोती वहीत लिवायची. कुनाची किती आली, कुनी किती न्हेली. आनि दर येळेला त्यांची सही न्हाई तर अंगठा. चार वर्सं मी हे तोंडावर केलं. आता तोंडावर करनार न्हाई."

उत्कर्षा हेच सुचवणार होती. तिने तिच्या सूचनांच्या यादीत ते लिहूनही ठेवलं होतं, चौथ्या क्रमांकावर. तिने ती यादी मिटून ठेवली.

"लिवू," तात्या म्हणाले. "अजून काय?"

"आनि हे चार दिस खाडे धरू नका. मी घरी बसलो न्हवतो, तुमी बसवला होता."

तात्यांनी रोहितकडे पाहिलं. रोहितने मान हलवून ते लगेच हजेरीत लिहिलं. तेव्हा म्हसूने किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि बैठक संपायची वाट न बघता गोदामाकडे गेला. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग दोन्ही दारं सताड ढकलल्याचा. चार दिवस आत वारा गेला नव्हता. उत्कर्षा खिडकीतून बघत होती. त्याने पहिल्या थप्पीवरच्या पोत्यात हात घातला, मूठभर भात काढून दाताखाली एक दाणा फोडला, आणि बाकीचं काळजीपूर्वक पुन्हा पोत्यात टाकलं.